तिसऱ्या दिवशीची उलटी

केमोथेरपी म्हटले की रुग्णाच्या घरात दोन धास्ती एकदम शिरतात, केस जाण्याची आणि उलट्यांची. केस परत येतात हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. उलट्यांची धास्ती मात्र तितकी सहज जात नाही. माढा तालुक्यातल्या एखाद्या गावात कुणाच्या तरी मावशीने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी केमो घेतलेली असते. तिच्या पोटात आठवडाभर घोटभर पाणीही ठरले नव्हते, ही गोष्ट साऱ्या भावकीला पाठ असते. नव्या रुग्णाला पहिल्या डोसनंतर तसाच अनुभव आला, तर दुसऱ्या डोसच्या तारखेला घरातून कुणी निघत नाही. कर्करोगाचे औषध लागू पडत असतानाही उपचार थांबतो, आणि तो केवळ उलटीमुळे थांबतो.

खरे तर या उलटीवर चांगले औषध येऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ऑन्डॅनसेट्रॉन आज तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. लहान मुलाची ओकारी असो की लग्नातल्या जेवणानंतरचा पोटबिघाड, हीच गोळी पुढे केली जाते. पण सगळ्यांच्या ओळखीची झाल्यामुळेच तिच्याभोवती एक गैरसमज पक्का झाला आहे. उलटी म्हणजे ऑन्डॅनसेट्रॉन, आणि थांबली नाही तर आणखी एक ऑन्डॅनसेट्रॉन, असे समीकरण लोकांच्या आणि काही डॉक्टरांच्याही मनात बसले आहे. केमोच्या बाबतीत ते निम्मेच खरे आहे. हे औषध उलटीचा एक रस्ता अडवते, आणि तो रस्ता मुख्यतः पहिल्या दिवशी वापरात असतो. तिसऱ्या दिवशीची उलटी दुसऱ्या रस्त्याने येते. तिच्यासाठी वेगळी औषधे आहेत, आणि ती रुग्णाच्या पिशवीत घालून मगच त्याला घरी पाठवले पाहिजे.

हे समजण्यासाठी आधी उलटी सुरू कुठे होते ते पाहावे लागेल. सेरोटोनिन हे नाव अनेकांनी वाचलेले असते ते मेंदूतले आनंदाचे रसायन म्हणून. पण शरीरातल्या एकूण सेरोटोनिनपैकी ९० टक्क्यांहून अधिक साठा मेंदूत नसतो, आतड्यात असतो. आतड्याच्या आतल्या अस्तरात एंटेरोक्रोमॅफिन नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. गावाच्या वेशीवर राखणदार बसवावेत, तशा त्या बसलेल्या असतात. अन्नातून काही विषारी आले की त्या आपल्याजवळचे सेरोटोनिन बाहेर सोडतात, आणि पोटात आलेले विष बाहेर फेकण्याची तयारी सुरू होते. म्हणजे उलटी ही मुळात शरीराची संरक्षणाची युक्ती आहे. सिस्प्लॅटिनसारखे केमोचे औषध शिरेतून दिले तरी रक्तावाटे या पेशींपर्यंत पोहोचते. त्यांना इजा होते, आणि त्या विष आल्याचाच इशारा देतात. पोटात काहीही वाईट गेलेले नसते. तरी राखणदार ओरडू लागतात.

हा इशारा मेंदूपर्यंत नेण्याचे काम व्हेगस नावाची लांब चेता करते. मेंदूच्या देठापासून निघून ती छातीतून थेट पोटापर्यंत उतरते. तिची टोके आतड्याच्या अस्तराखाली, त्या राखणदार पेशींच्या अगदी जवळ असतात. या टोकांवर सेरोटोनिनसाठी खास रिसेप्टर असतात. त्यांना ५-एचटी-३ असे नाव आहे. सेरोटोनिनचे रिसेप्टर अनेक प्रकारचे आहेत, पण हा एक त्या सगळ्यांहून वेगळा आहे. पाच तुकडे गोलाकार उभे करून मध्ये बारीक भोक ठेवावे, अशी त्याची रचना असते. एरवी ते भोक बंद असते. सेरोटोनिनचा रेणू बाहेरच्या खाचेत येऊन बसला की ते उघडते, सोडियमसारखे विद्युतभारित कण आत शिरतात आणि चेतेत विजेचा झटका निर्माण होतो. हे सगळे सेकंदाच्या लहानशा भागात घडते.

झटका वर जातो तो मेंदूच्या देठात. तिथल्या एका केंद्रात पोटाकडून येणाऱ्या साऱ्या तारा उतरतात. त्याच्या शेजारीच एरिया पोस्ट्रेमा नावाचा एक लहानसा भाग आहे. रक्तातल्या बहुतेक रसायनांना मेंदूत सहज शिरता येत नाही, पण या भागाला ते कुंपण नाही. त्यामुळे रक्तात फिरणारे विष तो स्वतःही ओळखू शकतो. या दोन्ही ठिकाणी ५-एचटी-३ रिसेप्टर दाट असतात. पोटाचा निरोप आणि रक्ताचा निरोप इथे एकत्र आला की आज्ञा सुटते. तोंडात लाळ येते, घाम फुटतो, श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकदम आवळतात आणि उलटी होते.

ऑन्डॅनसेट्रॉन नेमके काय करते, तर रिसेप्टरची ती खाच अडवून बसते. सेरोटोनिन ज्या जागी बसते तिथेच ते बसते, पण दार उघडत नाही. व्हेगसच्या टोकांवर ते हे करते आणि मेंदूच्या देठातही करते. राखणदार ओरडत राहतात, पण निरोप पुढे जात नाही. इथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. हे औषध सेरोटोनिन सुटणे थांबवत नाही, आणि ‘पित्त’ही कमी करत नाही. उलटीत शेवटी पिवळे-हिरवे कडू पाणी पडते म्हणून लोक पित्त वाढले असे म्हणतात. पण पोट रिकामे झाल्यावर आतड्यातले पित्त वर येते, एवढाच त्याचा अर्थ. तो उलटीचा परिणाम असतो, कारण नव्हे.

हे ज्ञान एका जुन्या औषधाच्या कोड्यातून आले. सिस्प्लॅटिन १९७८ मध्ये अमेरिकेत वापरात आले, आणि संरक्षण न देता ते घेणाऱ्या दहातल्या नऊहून अधिक रुग्णांना उलट्या होत. १९८१ मध्ये न्यू यॉर्कमधील रिचर्ड ग्रॅला आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मेटोक्लोप्रमाइड हे नेहमीचे औषध खूप मोठ्या मात्रेत दिले तर या उलट्या बऱ्याच आवरतात. मेटोक्लोप्रमाइड मेंदूतल्या डोपामिनला अडवते, हे माहीत होते. पण डोपामिन अडवणारी इतर औषधे इतका गुण देत नव्हती. मग मोठ्या मात्रेत हे औषध आणखी काय करते? उत्तर मिळाले, की ते सेरोटोनिनचा हा एक रिसेप्टरही थोडासा अडवते. उंदरांना उलटी करताच येत नाही, म्हणून ब्रिटनमध्ये मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्यावर प्रयोग झाले. १९८६ मध्ये दिसले, की फक्त ५-एचटी-३ अडवणारे औषध दिले तरी सिस्प्लॅटिनची उलटी थांबते. ग्लॅक्सो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी घडवलेले ऑन्डॅनसेट्रॉन १९९१ च्या जानेवारीत अमेरिकेत मंजूर झाले. मेटोक्लोप्रमाइडच्या मोठ्या मात्रेने मान वाकडी होणे, जबडा आवळणे असे त्रास होत. ते या औषधाने टळले.

माणसातला पुरावा १९९० मध्ये आला, आणि तो मोठा बोलका आहे. व्हेनेझुएलातील लुइजी क्युबेडू आणि सहकाऱ्यांनी सिस्प्लॅटिन घेणाऱ्या २८ रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला ऑन्डॅनसेट्रॉन मिळाले, दुसऱ्याला नाही. सेरोटोनिन शरीरात मोडते तेव्हा तयार होणारा पदार्थ लघवीत उतरतो, तो त्यांनी मोजला. सिस्प्लॅटिननंतर काही तासांतच त्याचे प्रमाण चढले, आणि औषध न मिळालेल्या रुग्णांच्या उलट्याही त्याच तासांत सुरू झाल्या. ऑन्डॅनसेट्रॉन मिळालेल्यांच्या लघवीतही तो पदार्थ वाढला होता, म्हणजे सेरोटोनिन सुटलेच होते. पण उलट्या फार कमी होत्या. इशारा झाला आणि निरोप अडला, हे आकड्यांत दिसले.

याच प्रयोगात पुढच्या अडचणीचे मूळही आहे. सेरोटोनिनची ही लाट डोसच्या दिवशीच येते आणि ओसरते. सिस्प्लॅटिनचा त्रास मात्र पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळतो, आणि ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान त्याला पुन्हा उठाव येतो. म्हणून डॉक्टर पहिल्या २४ तासांतली उलटी आणि त्यानंतरची उलटी यांना दोन वेगळी नावे देतात, तत्काळ आणि विलंबित. विलंबित उलटीत मुख्य निरोप्या असतो ‘सबस्टन्स पी’ नावाचा दुसराच रेणू, आणि त्याचे रिसेप्टर एनके-१ हेही वेगळे. ते मेंदूच्या देठातच मोठ्या प्रमाणावर आहेत. तिथे ऑन्डॅनसेट्रॉन बसूच शकत नाही. कितीही गोळ्या घेतल्या तरी चुकीच्या कुलपात किल्ली फिरवल्यासारखेच होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, माढा तालुक्यातल्या एका गावातल्या ५२ वर्षांच्या बाईंना गर्भाशयमुखाचा कर्करोग पुन्हा उद्भवला आहे. या भागात हा आजार नवा नाही. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये शेजारच्या बार्शीत सुरू झाली, आणि सुरुवातीच्या वर्षांत बायकांमध्ये याच कर्करोगाच्या नोंदी सर्वाधिक होत्या. आपल्या उदाहरणातल्या बाईंचे वजन ४५ किलो आणि उंची १५० सेंटिमीटर. केमोचे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने देतात. तो येतो सुमारे १.३७ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ५० मिलीग्रॅम या प्रमाणात त्यांना सुमारे ७० मिलीग्रॅम सिस्प्लॅटिन, सोबत दुसरे एक औषध, असे दर २१ दिवसांनी द्यायचे ठरले आहे.

सोमवारी आधी सलाईन लावले जाते, कारण सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला इजा करते आणि शरीरात पाणी भरपूर असणे हाच त्यावरचा मोठा बचाव आहे. साडेबारा वाजता शिरेतून ८ मिलीग्रॅम ऑन्डॅनसेट्रॉन आणि सोबत डेक्सामेथासोन दिले जाते. एक वाजता सिस्प्लॅटिन सुरू होते. अर्धा तास आधी देण्याला अर्थ आहे. सेरोटोनिन खाचेत बसण्यापूर्वी औषध तिथे पोहोचलेले हवे. उलटी सुरू झाल्यावर औषध देणे म्हणजे पाणी घरात शिरल्यावर बांध घालणे. दुपार सरते, संध्याकाळी सलाईन निघते, रात्री ८ मिलीग्रॅमची आणखी एक गोळी होते. हे औषध तीन-चार तासांत रक्तात निम्मे होते, म्हणून रात्रीची मात्रा लागते. बाई त्या रात्री शांत झोपतात. घरच्यांना वाटते, जमले.

मंगळवार बरा जातो, थोडी मळमळ असते. बुधवारी सकाळी मात्र चहाच्या वासानेच उमासे येतात आणि दुपारपर्यंत चार उलट्या होतात. घरी फक्त ऑन्डॅनसेट्रॉनची पट्टी आहे. एक गोळी होते, चार तासांनी दुसरी, मग तिसरी. उलटी थांबत नाही. गुरुवारी पोट गच्च होते आणि शौचाला होत नाही, कारण आतड्याच्या हालचालीतही ५-एचटी-३ चा वाटा असतो आणि तो अडवल्याने बद्धकोष्ठ होते. डोके दुखू लागते, तोही याच औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम. पाणी पोटात ठरत नाही, लघवी कमी होते, आणि सिस्प्लॅटिनने आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार पडतो. तीन आठवड्यांनी पुढच्या डोससाठी रक्त तपासले तर क्रिएटिनीन वाढलेले निघते आणि डोस पुढे ढकलावा लागतो.

आता हीच बाई, हाच डोस, पण औषधांची यादी वेगळी आहे असे समजा. सोमवारी केमोच्या तासभर आधी १२५ मिलीग्रॅम ॲप्रेपिटंट तोंडाने दिले, आणि मंगळवारी व बुधवारी सकाळी ८० मिलीग्रॅम. हे औषध सबस्टन्स पीचा रिसेप्टर अडवते. ऑन्डॅनसेट्रॉन पहिल्या दिवशीच. डेक्सामेथासोन चौथ्या दिवसापर्यंत सकाळी नाश्त्यानंतर. आणि ओलांझापिनची लहान गोळी चार रात्री झोपताना. ओलांझापिन हे मूळचे मानसिक आजारांचे औषध, पण ते डोपामिन, सेरोटोनिन आणि इतरही काही रिसेप्टर एकाच वेळी अडवते, आणि मळमळीवर त्याचा उपयोग इतरांपेक्षा जास्त होतो. औषधाच्या कागदावर मनोरुग्णांचे औषध असे वाचून घरचे घाबरतात, म्हणून ते का दिले हे आधीच सांगावे लागते. अशा संरक्षणात बुधवारी बाईंना मळमळ होणारच नाही असे नाही, पण पाणी, पेज, भाकरी-वरण पोटात राहण्याची शक्यता कितीतरी वाढते.

ओलांझापिनबद्दलचे एक काम आपल्याकडचेच आहे. अमेरिकेतल्या २०१६ च्या मोठ्या अभ्यासात १० मिलीग्रॅमची मात्रा होती. त्यात दुसऱ्या ते पाचव्या दिवशी अजिबात मळमळ न झालेले रुग्ण ४२ टक्के होते, तर हे औषध न मिळालेल्या गटात २५ टक्के. गुण स्पष्ट होता, पण इतक्या मात्रेने माणूस दिवसभर पेंगतो. शेतात किंवा घरात काम असलेल्या बाईला दिवसभराची गुंगी परवडत नाही, आणि उठताना तोल जाऊन पडण्याची भीती वेगळी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १० ऐवजी २.५ मिलीग्रॅम देऊन तुलना केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उलटी आवरण्यात लहान मात्रा उणी पडली नाही आणि गुंगी बरीच कमी झाली. आपल्याकडच्या रुग्णांवर आणि आपल्याच रुग्णालयात झालेले हे काम असताना जिल्ह्यातल्या केंद्रांनी त्याचा लाभ घ्यायला काहीच अडचण नसावी.

या सगळ्या औषधांना मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. डेक्सामेथासोनने साखर चढते. मधुमेह असेल तर त्या चार दिवसांत साखर मोजावी लागते. ॲप्रेपिटंट सोबत असेल तर डेक्सामेथासोनची मात्रा कमी करावी लागते, कारण यकृतात ते मोडण्याचे काम ॲप्रेपिटंट मंदावते. ऑन्डॅनसेट्रॉन हृदयाच्या विजेच्या लयीतला एक अंतराळ लांबवते. याच कारणाने शिरेतून एका वेळी १६ मिलीग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये, असे २०१२ पासून ठरले आहे. आणि इथे एक धोक्याचे वर्तुळ तयार होते. उलट्यांनी पोटॅशियम घटते, सिस्प्लॅटिनने मॅग्नेशियम घटते, ही दोन्ही घटली की हृदयाची लय आणखी नाजूक होते. नेमक्या त्याच वेळी रुग्ण घरी गोळ्यांवर गोळ्या घेत असतो.

प्रत्येक उलटी केमोचीच असते असेही नाही. परतीच्या प्रवासात कुर्डुवाडीच्या पुढे एसटीत लागलेली उलटी बहुधा गाडी लागल्याची असते. तिचा निरोप कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येतो, सेरोटोनिनच्या रस्त्याने येत नाही. तिथे ऑन्डॅनसेट्रॉनचा फारसा उपयोग नाही, त्याची औषधे वेगळी. दुसरी, रुग्णालयाची पायरी चढताना स्पिरिटच्या वासानेच होणारी उलटी. ही मागच्या वाईट अनुभवाने मनात बसलेली असते. औषध अजून शिरेत गेलेलेच नसते, म्हणून सेरोटोनिनही सुटलेले नसते. ती एकदा बसली की काढणे अवघड. तिच्यावरचा खरा उपाय म्हणजे पहिला डोस नीट सांभाळणे. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची. उलटीसोबत पोट फुगलेले आहे, शौच आणि वारा दोन्ही बंद आहेत, तर आतडे अडकले असू शकते, आणि अशा वेळी उलटी थांबवणारी गोळी खरा आजार झाकून टाकते. याशिवाय ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, दिवसभरात लघवी जवळपास नाही, किंवा रुग्ण असंबद्ध बोलतो आहे, यांपैकी काहीही असेल तर मेडिकलमध्ये न जाता थेट रुग्णालय गाठायचे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, डॉक्टरने केमोआधी तीन साधे प्रश्न विचारावेत. गरोदरपणात उलट्यांचा फार त्रास झाला होता का? एसटीत गाडी लागते का? मागच्या डोसला काय झाले? वय कमी, स्त्री, आणि या प्रश्नांना होकार, अशा रुग्णाला उलटीचा धोका जास्त असतो. नियमित दारू पिणाऱ्या पुरुषाला तो कमी असतो. या प्रश्नांना पैसे पडत नाहीत, फक्त दोन मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट, औषधांची निवड रुग्णाच्या तक्रारीची वाट पाहत थांबू नये. ती केमोच्या औषधावरून आधीच ठरते. सिस्प्लॅटिन असेल तर चारही प्रकारची औषधे. सौम्य औषध असेल तर एखादेच. ब्लिओमायसिन किंवा व्हिन्क्रिस्टिनसारख्याला बहुधा काहीच नको. म्हणजे सगळ्यांना सगळे द्या, असा हा आग्रह नाही. काही डॉक्टर म्हणतात, आधीच गोळ्यांचा ढीग, त्यात आणखी चार कशाला, उलटी झाली तर पाहू. हा विचार सौम्य औषधाला ठीक आहे. जिथे संरक्षण नसेल तर दहापैकी नऊ जण ओकणार हे माहीत आहे, तिथे ‘पाहू’ म्हणणे म्हणजे रुग्णाला मुद्दाम उघड्यावर ठेवणे आहे.

तिसरी गोष्ट व्यवस्थेची, आणि सर्वांत निकडीची. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे काढण्याची घोषणा झाली. केमो घराजवळ आली, हे चांगलेच झाले. पण दिवसभराचे केंद्र संध्याकाळी बंद होते, आणि अवघड दिवस तिसरा असतो. तो रुग्ण एकटा घरी काढतो. पूर्वी खाटेवर असताना परिचारिकेच्या नजरेला जे पडायचे, ते आता कुणालाच दिसत नाही. म्हणून केमोची योजना कोणतीही असो, चार दिवसांच्या उलटीच्या गोळ्या त्याच डोसचा भाग धरल्या पाहिजेत, आणि त्या चिठ्ठीवर लिहून न देता हातात दिल्या पाहिजेत. औषधांच्या मागणीपत्रात सिस्प्लॅटिनच्या कुप्या जितक्या, तितक्याच संख्येने या पुड्याही मागवल्या जाव्यात. एकाचा साठा असून दुसऱ्याचा नसेल, तर तो डोस अपुरा समजावा.

त्या पुड्यावर एक कागद हवा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे चार रकाने. प्रत्येकात सकाळी कोणती गोळी, रात्री कोणती, आणि खाली दोन रिकाम्या चौकटी. उलटी किती वेळा झाली, जेवण किती गेले. वाचता येत नसेल तर नातवंडे भरतील. पुढच्या डोसला हा कागद डॉक्टरसमोर आला, की औषध कुठे कमी पडले ते लगेच कळते. उलट्या पहिल्या दिवशीच झाल्या असतील तर ऑन्डॅनसेट्रॉनची मात्रा किंवा वेळ तपासायची, किंवा पॅलोनोसेट्रॉनसारखे जास्त काळ टिकणारे औषध निवडायचे. तिसऱ्या दिवशी झाल्या असतील तर ॲप्रेपिटंट आणि ओलांझापिन मिळाले का, घेतले का, हे पाहायचे. उलटी नाही पण मळमळीने जेवण गेले नसेल, तर तेही लिहिलेले असल्यामुळे सुटत नाही. एरवी ‘कसे काय?’ विचारल्यावर रुग्ण ‘बरे आहे’ म्हणतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

आणि बुधवारी एक फोन. केंद्रातल्या परिचारिकेने किंवा गावातल्या आशाताईने दोन मिनिटांत विचारायचे, पाणी पोटात राहते का, लघवी होते का, शौचाला झाली का, ताप आहे का. चारपैकी एकाचेही उत्तर वाईट आले तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन आणि तपासणी. तिथल्या डॉक्टरला रुग्णाने कोणते केमो कधी घेतले हे कळावे म्हणून त्याच कागदाच्या मागच्या बाजूला औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख लिहिलेली असावी.

माढ्यासारख्या तालुक्यात केमोची बदनामी मागच्या पिढीच्या उलट्यांनी केली. ती भाषणांनी पुसली जाणार नाही. दोन-चार बायका डोस घेऊन आल्या, बुधवारी भाकरी खाल्ली आणि शेजारणीने ती पाहिली, की गावातली गोष्ट बदलते. त्यासाठी सोमवारी शिरेतून दिलेले ऑन्डॅनसेट्रॉन आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. बुधवारच्या गोळ्या सोमवारीच हातात पडल्या पाहिजेत.